जंगलाची माती आणि शेताची माती : सूक्ष्मजीव जैवभार आणि एन्झाइम क्रियेचा प्रयोगशाळा अहवाल टप्प्याटप्प्याने

जमीन वापर बदलल्यावर मातीत काय बदलले हे दाखवायला सूक्ष्मजीवांच्या जैवभारातील कर्ब आणि एखाद्या एन्झाइमची क्रिया मोजणारे बरेच अहवाल मी तपासते. त्यांतल्या चुका क्वचितच उपकरणाच्या असतात. बहुतेक वेळा नमुने घेतानाच तुलना बिघडलेली असते, किंवा शेवटी आकडा चुकीच्या संख्येने भागलेला असतो. मधली रासायनिक कृती नीट केलेली असूनही निष्कर्ष हातचा जातो. म्हणून इथे सुरुवात आणि शेवट यांवर जास्त वेळ देते.

पद्धती दोनच घेते. जैवभारासाठी क्लोरोफॉर्मची धुरी देऊन कर्ब काढण्याची पद्धत आणि एन्झाइमसाठी बीटा-ग्लुकोसिडेज. हे एन्झाइम सेल्युलोजच्या विघटनात शेवटच्या पायरीवर ग्लुकोज मोकळे करते, त्यामुळे पालापाचोळा आणि पिकांचे अवशेष यांतला फरक त्यात उमटतो. उदाहरण एकच, शेवटपर्यंत तेच : एक जंगल, आणि त्याला लागून असलेले, पूर्वी त्याच जंगलाचा भाग असलेले नांगरटीखालचे शेत.

## टप्पा १ : तुलना करता येईल अशा जागा निवडा

तुम्हाला दाखवायचा आहे जमीन वापराचा परिणाम. त्यासाठी बाकी सगळे शक्य तितके सारखे हवे : उतार, खडक, मातीची खोली आणि सर्वांत आधी पोत. चिकणकण सूक्ष्मजीवांना आणि एन्झाइमांना धरून ठेवतात. जंगलाच्या मातीत ते ३५ टक्के आणि शेताच्या मातीत १८ टक्के असतील, तर तुम्ही मोजलेला फरक नांगराचा की चिकणकणांचा हे कोणीच सांगू शकणार नाही.

इथे एक गोष्ट कामी येते. जमीन वापर बदलला तरी काही दशकांत पोत सहसा फारसा बदलत नाही, मात्र धूप झालेली नसावी. त्यामुळे दोन्ही जागांचा पोत मोजून ठेवणे हा जोडी बरोबर जमल्याचा तुमच्याकडचा सर्वांत चांगला पुरावा आहे. तो तक्ता अहवालात पहिला द्या.

आता संख्या. एका जंगलातून तीन आणि एका शेतातून तीन पिशव्या आणणे म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. त्या एकाच जंगलाच्या तीन पिशव्या आहेत. त्यांतून फक्त हे जंगल आणि हे शेत वेगळे आहे एवढेच कळते, आणि ते तर आधीच माहीत होते. जंगलाचे चार स्वतंत्र तुकडे आणि प्रत्येकाशेजारचे एक शेत अशा चार जोड्या घ्या. प्रत्येक तुकड्यात विखुरलेल्या आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून एक मिश्र नमुना करा. म्हणजे पुनरावृत्ती चार, नमुने आठ.

इशारा : प्रयोगशाळेत एकाच नमुन्यावर केलेली तीन मोजमापे ही तुमच्या हाताच्या अचूकतेची तपासणी असते. त्यांची आधी सरासरी काढा. सांख्यिकीत जोड्यांची संख्याच जाते.

## टप्पा २ : खोली, दिवस आणि मुळे

नांगरलेल्या शेतात वरचा सुमारे १५ सेंटिमीटरचा थर एकजीव झालेला असतो. जंगलात मात्र सूक्ष्मजीव वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये दाटलेले असतात. फक्त वरचे ५ सेंटिमीटर घेतले, तर शेतात खाली मिसळून गेलेला कर्ब ‘नष्ट झाला’ असा दिसतो. म्हणून नांगरटीची पूर्ण खोली घ्या, दोन्हीकडे ० ते १५ सेंटिमीटर. जंगलात आधी पालापाचोळ्याचा थर हाताने बाजूला करा आणि खनिज मातीपासून मोजायला सुरुवात करा. त्याच वेळी कोअर वापरून बल्क डेन्सिटीचाही नमुना घ्या, शेवटी लागणार आहे.

दोन्ही जागांची माती एकाच दिवशी घ्या. कोरड्या मातीवर नुकताच पाऊस पडला असेल, खत टाकले असेल किंवा नांगरट झाली असेल तर थांबा. कोरडी माती भिजताच सूक्ष्मजीवांची हालचाल काही दिवस उसळते, आणि ती उसळी दोन्हीकडे सारखी नसते.

आणल्यावर २ मिलिमीटरच्या चाळणीतून ओलीच चाळा. चाळणीतून न जाण्याइतकी ओली असेल तर सावलीत जरा सुकू द्या, पण पूर्ण वाळवू नका. मग चिमट्याने बारीक मुळे वेचा. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. क्लोरोफॉर्म जिवंत मुळांच्या पेशीही फोडतो, आणि तो कर्ब सूक्ष्मजीवांच्या खात्यात जमा होतो. जंगलाच्या मातीत मुळे जास्त, म्हणून चूक एकाच बाजूला झुकते आणि तुमच्या गृहीतकाला खोटा आधार देते. प्रत्येक नमुन्यासाठी मुळे वेचायला सारखाच वेळ ठरवून घ्या आणि तो कृतीत नोंदवा.

माती ४ अंश सेल्सियसला ठेवा, गोठवू नका. गोठताना पेशी फुटतात, म्हणजे धुरी देण्याआधीच अर्धे काम झालेले असते. मोजणीआधी सगळ्या मातींचा ओलावा त्यांच्या जलधारण क्षमतेच्या ४० ते ५० टक्क्यांवर आणा आणि त्या २५ अंशांना आठवडाभर, झाकण सैल ठेवून, स्थिरावू द्या.

तपासणी : ओलावा याच क्षणी मोजा. प्रत्येक नमुन्याचे सुमारे १० ग्रॅम १०५ अंशांना वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. नमुना आणलेल्या दिवशीचा ओलावा पुढच्या गणितात वापरणे ही हमखास दिसणारी चूक आहे.

## टप्पा ३ : धुरी आणि कर्ब काढणे

तत्त्व सोपे आहे. मातीच्या एका भागातल्या पेशी क्लोरोफॉर्मने फोडायच्या, दुसरा भाग तसाच ठेवायचा. दोन्हींतून मिठाच्या द्रावणाने कर्ब काढायचा. वजाबाकी म्हणजे पेशींतून बाहेर आलेला कर्ब.

१. प्रत्येक नमुन्यातून २५ ग्रॅम ओल्या मातीचे दोन भाग तोला. धुरीचा भाग काचेच्या बीकरमध्ये घ्या. पॉलिस्टायरीनची भांडी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतात.

२. धुरी न देण्याच्या भागात ०.५ मोलर पोटॅशियम सल्फेटचे १०० मिलिलिटर द्रावण लगेच घाला, ३० मिनिटे शेकरवर ठेवा आणि गाळा. एक लिटर द्रावणाला ८७.१ ग्रॅम मीठ लागते. ते सावकाश विरघळते, म्हणून आदल्या दिवशी करून ठेवा.

३. धुरीचे बीकर डेसिकेटरमध्ये ठेवा. तळाशी ओला कागद, मधे लहान बीकरमध्ये उकळखडे घातलेला क्लोरोफॉर्म. व्हॅक्यूम लावून क्लोरोफॉर्म दोन मिनिटे उकळू द्या. झडप बंद करून २५ अंशांना अंधारात २४ तास ठेवा.

४. दुसऱ्या दिवशी क्लोरोफॉर्म आणि कागद काढा. रिकामे डेसिकेटर पाच-सहा वेळा व्हॅक्यूम करून वाफ घालवा. मग दुसऱ्या पायरीप्रमाणेच कर्ब काढा.

इशारा : क्लोरोफॉर्मचे सगळे काम फ्यूम हूडमध्येच करा. व्हॅक्यूमखालचे काचेचे डेसिकेटर फुटू शकते, त्याच्यासमोर संरक्षक पडदा हवाच.

बाटली निवडताना लेबल वाचा. बाजारातल्या बऱ्याच क्लोरोफॉर्ममध्ये टिकण्यासाठी इथेनॉल मिसळलेले असते. ते मातीत मागे राहते आणि कर्ब म्हणून मोजले जाते, तेही फक्त धुरीच्या भागात. इथेनॉलविरहित बाटली घ्या.

तपासणी : माती न घातलेले दोन कोरे नमुने चालवा, एक धुरीसह आणि एक धुरीविना. दोघांचे आकडे लहान आणि जवळजवळ सारखे असले पाहिजेत. धुरीचा कोरा नमुना वर गेला असेल तर क्लोरोफॉर्ममध्ये इथेनॉल आहे किंवा वाफ पूर्ण गेलेली नाही. अशा वेळी मातीचे आकडे वापरू नका, ती खेप पुन्हा करा.

## टप्पा ४ : जैवभाराचे गणित

हे उदाहरण एका जोडीचे आहे, आकडे गणित दाखवण्यासाठी घेतले आहेत. कर्ब सेंद्रिय कर्ब विश्लेषकावर मोजला आहे. जंगलाच्या मातीचा ओलावा कोरड्या वजनाच्या २४ टक्के, शेताचा १४ टक्के. कोऱ्या नमुन्याचे २ मिलिग्रॅम प्रति लिटर वजा केल्यावर जंगलाचे वाचन धुरीसह ९६ आणि धुरीविना ४० येते. शेताचे ३३ आणि १६.

```
जंगल
कोरडे वजन   = २५ ÷ १.२४ = २०.१६ ग्रॅम
मातीतले पाणी = २५ − २०.१६ = ४.८४ मिलिलिटर
एकूण द्रव    = १०० + ४.८४ = १०४.८४ मिलिलिटर
फरक         = ९६ − ४० = ५६ मिलिग्रॅम प्रति लिटर
निघालेला कर्ब = ५६ × १०४.८४ ÷ २०.१६ = २९१ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम
जैवभार कर्ब  = २९१ ÷ ०.४५ = ६४७ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम
```

शेताचे उत्तर याच रीतीने १७८ येते. शेवटचा ०.४५ हा गुणक आहे, कारण फुटलेल्या पेशींतला सगळा कर्ब द्रावणात उतरत नाही. तो विश्लेषकावर मोजलेल्या कर्बासाठीचा आहे. डायक्रोमेटने टायट्रेशन केले असेल तर ०.३८ वापरतात. दोन्हींची सरमिसळ केली तर विश्लेषकाचे २९१ हे ०.३८ ने भागून जंगलाचे ७६६ येतील, म्हणजे १८ टक्के जास्त. कोणता गुणक वापरला हे अहवालात लिहिलेले नसेल, तर तुमच्या आकड्यांची दुसऱ्या कोणाशीही तुलना होत नाही.

मातीतले पाणी आणि कोरडे वजन विसरले की काय होते? जंगलाचे ६४७ च्या जागी ४९८ येतात आणि शेताचे १७८ च्या जागी १५१. जंगलाचे २३ टक्के घसरले, शेताचे १५. ओली माती जास्त मार खाते, म्हणजे दोन जागांमधला फरकच बदलतो. ‘दोन्हीकडे सारखीच चूक आहे, तुलना चालेल’ हे समर्थन मी अनेकदा ऐकले आहे. ते खरे नाही, आणि कारण वर दिसतेच आहे.

## टप्पा ५ : बीटा-ग्लुकोसिडेज

मातीला असा पदार्थ द्यायचा ज्याला हे एन्झाइम तोडते आणि तुटल्यावर पॅरा-नायट्रोफिनॉल हा, अल्कलीत पिवळा दिसणारा पदार्थ सुटतो. पिवळेपणा जितका जास्त तितकी क्रिया जास्त.

१ ग्रॅम मातीत ०.२५ मिलिलिटर टोल्युइन, पीएच ६.० चे ४ मिलिलिटर बफर आणि ०.०५ मोलर पॅरा-नायट्रोफिनिल-बीटा-ग्लुकोसाइडचे १ मिलिलिटर घाला. झाकून ३७ अंशांना एक तास ठेवा. मग १ मिलिलिटर ०.५ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि पीएच १२ चे ४ मिलिलिटर ट्रिस द्रावण घालून क्रिया थांबवा, लगेच गाळा आणि ४१० नॅनोमीटरला वाचा. फॉस्फेटेजच्या कृतीतले सोडियम हायड्रॉक्साइड इथे वापरू नका. तीव्र अल्कलीत न तुटलेला पदार्थ आपोआप सुटू लागतो आणि वाचन वाढत जाते.

चुका होतात त्या नियंत्रण नमुन्यात. नियंत्रणात सगळे तसेच, फक्त ग्लुकोसाइड शेवटी, क्रिया थांबवणारी द्रावणे घातल्यानंतर आणि गाळण्याच्या आधी. जंगलाच्या मातीतले सेंद्रिय पदार्थ अल्कलीत तपकिरी-पिवळे उतरतात आणि तोही रंग उपकरण मोजते. म्हणून प्रत्येक मातीचे स्वतःचे नियंत्रण हवे. शेताचे फिकट नियंत्रण जंगलाच्या नमुन्यातून वजा केले, की जंगलाची ‘क्रिया’ फुगते. पुन्हा तीच गंमत : चूक तुमच्या आवडत्या निष्कर्षाच्या बाजूने जाते, म्हणून ती खटकत नाही.

तपासणी : जंगलाच्या एका नमुन्यावर ३०, ६० आणि ९० मिनिटांची वाचने घ्या. रंग सरळ रेषेत वाढला पाहिजे. ६० मिनिटांनंतर रेषा वाकत असेल तर ग्लुकोसाइड कमी पडते आहे. कमी माती घ्या किंवा वेळ कमी करा, आणि तोच बदल शेताच्या मातीलाही करा.

उदाहरणात नियंत्रण वजा केल्यावर जंगलाच्या १ ग्रॅम ओल्या मातीतून तासाला १३१ मायक्रोग्रॅम पॅरा-नायट्रोफिनॉल सुटले, शेतातून ७०. अनुक्रमे १.२४ आणि १.१४ ने गुणून कोरड्या वजनावर १६२ आणि ८०.

अहवालात याला ‘संभाव्य क्रिया’ म्हणा. भरपूर खाद्य, ठरावीक पीएच आणि ३७ अंश अशी स्थिती प्रत्यक्ष जमिनीत नसते. तुम्ही मातीतल्या एन्झाइमची क्षमता मोजली आहे, तिथे रोज होणारे काम नव्हे.

सोबत डिहायड्रोजिनेज मोजायचे असेल तर ताजी ओली मातीच हवी, कारण ते जिवंत पेशींच्या आतच काम करते. बीटा-ग्लुकोसिडेजचा बराच हिस्सा पेशींबाहेर, चिकणकणांना आणि ह्युमसला चिकटून टिकतो. हा फरक पुढच्या टप्प्यात कळीचा ठरतो.

## टप्पा ६ : कशाने भागायचे?

बहुतेक अहवाल इथे थांबतात : जैवभार ६४७ विरुद्ध १७८, एन्झाइम १६२ विरुद्ध ८०, ‘जंगलाची माती अधिक सक्रिय’. एवढ्यासाठी इतका खटाटोप नको होता. जंगलात सेंद्रिय कर्ब जास्त असतो, म्हणून जवळपास सगळेच जास्त येते. प्रश्न असा आहे की सूक्ष्मजीवांतला फरक कर्बातल्या फरकापेक्षा मोठा आहे का.

आपल्या जोडीत सेंद्रिय कर्ब जंगलात २.८ टक्के आणि शेतात १.१ टक्का आहे. शेताचा आकडा जंगलाहून किती कमी ते पाहा : कर्ब ६१ टक्के, जैवभार सुमारे ७३ टक्के, एन्झाइम ५१ टक्के.

जैवभार कर्ब भागिले एकूण सेंद्रिय कर्ब हे जंगलात २.३ टक्के, शेतात १.६ टक्के. म्हणजे शेतात कर्ब तर कमी आहेच, पण उरलेल्या कर्बावर जगणारे सूक्ष्मजीवही त्या प्रमाणात कमी आहेत. उरलेला कर्ब त्यांना सहज खाता येण्याजोगा नाही, किंवा नांगरटीने त्यांची जागा मोडली आहे. दोन्हींपैकी कोणते, हे या मोजमापातून ठरत नाही.

एन्झाइम मात्र उलटे वागते. सेंद्रिय कर्बाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे क्रिया जंगलात ५.८ आणि शेतात ७.३. जैवभाराच्या प्रत्येक मायक्रोग्रॅममागे ०.२५ आणि ०.४५. हे पाहून विद्यार्थी लिहितात, ‘शेतातले सूक्ष्मजीव अधिक कार्यक्षम आहेत.’ असे लिहू नका. मोजलेल्या एन्झाइमचा मोठा भाग आज जिवंत असलेल्या पेशींचा नाही. तो पूर्वी तयार होऊन मातीच्या कणांना चिकटून राहिलेला असू शकतो. भाजक लहान झाला म्हणून भागाकार मोठा दिसतो आहे. ताज्या मातीवरचे डिहायड्रोजिनेज जवळ असेल तर ही शंका तपासता येते : तेही जैवभाराइतकेच खाली असेल, तर टिकून राहिलेल्या एन्झाइमचे स्पष्टीकरण बळकट होते.

मग बल्क डेन्सिटी. जंगलाची १.०५ आणि शेताची १.३० ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर १५ सेंटिमीटरच्या थरात जैवभार कर्ब प्रति चौरस मीटर १०२ आणि ३५ ग्रॅम येतो. शेत घट्ट असल्याने फरक ७३ वरून ६६ टक्क्यांवर आला. वजनावरचा आणि क्षेत्रावरचा असे दोन्ही आकडे द्या.

## टप्पा ७ : अहवालातली वाक्ये

निकालाच्या तक्त्यात प्रत्येक आकड्याला एकक, सरासरी, प्रमाण विचलन आणि पुनरावृत्तींची संख्या हवी. जागा जोडीने निवडल्या आहेत, म्हणून चाचणीही जोडीचीच करा.

शब्दांत सर्वांत जास्त जपायचा तो ‘घट’. तुम्ही एकाच दिवशी दोन जागा मोजल्या. काळानुसार काहीही घसरताना पाहिलेले नाही. शेत पूर्वी शेजारच्या जंगलासारखेच होते हे तुमचे गृहीतक आहे, आणि त्याला आधार देतो तो टप्पा १ मधला पोताचा तक्ता. म्हणून निकालात ‘फरक’ लिहा. ‘घट’ फक्त चर्चेत, गृहीतक सांगून. चर्चेतला परिच्छेद साधारण असा असावा :

> ० ते १५ सेंटिमीटर थरात शेताच्या मातीतील जैवभार कर्ब शेजारच्या जंगलापेक्षा ७३ टक्के कमी आढळला. सेंद्रिय कर्बातील फरक ६१ टक्के असल्याने जैवभारातील फरक केवळ कर्बाच्या प्रमाणामुळे नाही. बीटा-ग्लुकोसिडेजची संभाव्य क्रिया ५१ टक्के कमी होती. ती जैवभाराच्या प्रमाणात कमी नसणे हे मातीकणांना बांधलेल्या एन्झाइमशी सुसंगत आहे, परंतु या अभ्यासात बांधलेला भाग वेगळा मोजलेला नाही. जोड्यांचा पोत सारखा असल्याने हा फरक जमीन वापराशी जोडता येतो. मोजमाप एकाच हंगामातील आहे.

तुमच्या जोड्यांचा पोत जुळला नसेल, तर शेवटून दुसरे वाक्य काढून टाका आणि फरकाचे कारण मोकळे ठेवा.